एक लेखक, एक नाव : शोधनिबंधावरील मराठी नावाची गोष्ट
(माळव्यातील महाविद्यालयीन प्राध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला कारकुनी वाटेल. शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली आपण आपले नाव कसे लिहितो, एवढाच तो आहे. पण धार आणि देवास या दोन गावांत राहणाऱ्या माणसाला नावाच्या अनेक रूपांची सवय लहानपणापासूनच असते. आपल्या दोन्ही राजघराण्यांचे आडनाव मराठीत पवार. इंग्रजी कागदपत्रांत तेच Puar होते, कुठे Powar होते, कुठे Ponwar. आपल्याला ही सगळी एकच मंडळी वाटतात, कारण आपल्याला इतिहास माहीत आहे. यंत्राला इतिहास माहीत नसतो. त्याला फक्त अक्षरे दिसतात, आणि Puar व Powar यांत त्याला दोन घराणी दिसतात.

आपल्या निबंधांचा उल्लेख पुढे कोणी केला, किती जणांनी केला, ही मोजणी आता गूगल स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारख्या सूची करतात. या मोजणीला आपण उल्लेखसंख्या म्हणू. निबंध छापून आला की सूची त्यावरील नाव वाचते आणि त्या नावाच्या खात्यात तो निबंध जमा करते. नाव बदलले की खाते बदलते. काम एकाच माणसाचे, पण तिजोऱ्या तीन. ही अडचण जगभर आहे. तरी मराठी माणसाची, त्यातही मध्यप्रदेशातल्या मराठी माणसाची, तिच्यात काही खास भर आहे. मी आज तेवढ्याच भागाविषयी बोलणार आहे.

सुरुवात आपल्या माळव्यातल्याच एका मोठ्या नावापासून करू. १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये अभ्यासकांपुढे आणणारे पुरातत्त्वज्ञ म्हणजे उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर. कायथा येथील संस्कृतीच्या शोधाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. मराठीत आपण त्यांना वि. श्री. वाकणकर म्हणतो. इंग्रजी संदर्भसूचींत ते बहुधा V. S. Wakankar असतात. रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह त्यांनी भारतातील अश्मयुगीन चित्रांवर लिहिलेले पुस्तक १९७६ मध्ये येल विद्यापीठाने काढले, त्यावर ते Vishnu S. Wakankar आहेत. अनेक ठिकाणी आडनावाची सुरुवात W ऐवजी V ने होते आणि ते Vakankar होतात. वडिलांचे नाव कुठे Shridhar, कुठे Sridhar. आता कोणी फक्त author:"vs wakankar" असे टाकून शोधले, तर Vakankar या रूपाखालचे उल्लेख त्याच्यासमोर येतीलच याची खात्री नाही.

त्यातच त्यांचे बंधू लक्ष्मण श्रीधर वाकणकर. हे लिपिकार, 'गणेशविद्या' लिहिणारे. वडील एक, आडनाव एक, म्हणून L. S. Wakankar आणि V. S. Wakankar यांत फरक फक्त एका अक्षराचा. एका सूचीकाराची एक चूक झाली की लिपीवरचे पुस्तक पुरातत्त्वज्ञाच्या नावावर जाऊ शकते. वि. श्री. १९८८ मध्ये गेले. आता त्यांच्या नावाची रूपे एकत्र बांधण्याचे काम ग्रंथालयांच्या नाव-नोंदींवर सोडावे लागते. राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नोंदी व्हिआफ या आंतरराष्ट्रीय यादीत एकत्र जोडलेल्या असतात, आणि तिथे एका व्यक्तीची अनेक रूपे एकाखाली आणली जातात. परंतु ती सोय मुख्यतः पुस्तकांची आहे. विखुरलेल्या निबंधांची मोजणी तिथे होत नाही. जिवंत लेखकाला हे काम स्वतः करता येते आणि त्यालाच करावे लागते.

मराठी नाव कुठे फुटते, ते आता पाहू. माझ्या मते फुटण्याच्या जागा तीन आहेत.

पहिली जागा आद्याक्षरांची. मराठीत आपण आद्याक्षर लिहितो ते मात्रेसकट, आणि पुष्कळदा जोडाक्षरासकट. धारच्या शिक्षण खात्याचे प्रमुख आणि परमारांच्या इतिहासाचे अभ्यासक काशिनाथ कृष्ण लेले मराठीत का. कृ. लेले होतात. कॅप्टन ल्युअर्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेले परमारांवरचे इंग्रजी पुस्तक १९०८ चे. तिथे ते K. K. Lele आहेत. मराठीतले 'का. कृ.' पाहून नाव ओळखता येते. K. K. पाहून कमलाकर केशवही असू शकतो, किशोर कृष्णाजीही असू शकतो. वासुदेव विष्णू मिराशी मराठीत वा. वि., इंग्रजीत V. V. म्हणजे वा, वि, व, वै, वें ही सगळी रोमन लिपीत एका V मध्ये बुडतात. म्हणून मराठीत पुरेशी वेगळी वाटणारी आद्याक्षरे इंग्रजीत गर्दीत हरवतात. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशपांडे अशा आडनावांना तर S. आणि V. लावून शेकडो माणसे सापडतात.

शिवाय एकाच नावाचे रोमन आद्याक्षर दोन प्रकारे निघते. वामनचे V होते किंवा W होते. श्रीधरचे S किंवा Sh. भास्करचे B किंवा Bh. आणि आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण ज्ञानेश्वरचे. महाराष्ट्रात ते Dnyaneshwar, म्हणजे आद्याक्षर D. मध्यप्रदेशात शाळेत हिंदी उच्चाराप्रमाणे Gyaneshwar, म्हणजे आद्याक्षर G. इंदूरच्या निबंधावर G. R. आणि पुण्याच्या निबंधावर D. R. असे लिहिले गेले, तर ते दोघे एकच आहेत हे कोणतेही यंत्र ओळखणार नाही. याला उपाय सरळ आहे. इंग्रजी निबंधावर पहिले नाव आद्याक्षरात न लिहिता पूर्ण लिहावे, मधल्या नावाचे आद्याक्षर ठेवावे, आणि आडनाव पूर्ण लिहावे. पूर्ण नावातून आद्याक्षर केव्हाही काढता येते. आद्याक्षरातून पूर्ण नाव परत मिळत नाही.

दुसरी जागा लिपीची, आणि ही खास माळव्याची. आपण तीन भाषांत लिहितो. मराठीत जो काळे, तो हिंदीत छापताना काले होतो, कारण हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. गाडगीळचे गाडगिल, टिळकचे तिलक होते. म्हणजे रोमनच्या आधी देवनागरीतच आपली दोन नावे झाली. वाचणारा ओळखतो, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ळ आणि ल ही वेगळी चिन्हे आहेत. हिंदी पत्रिकेला निबंध पाठवताना नावापुरता ळ कायम ठेवावा असा आग्रह संपादकाकडे धरता येतो. ळ हे देवनागरीतलेच अक्षर आहे आणि संगणकाच्या प्रत्येक देवनागरी टंकात ते असते. हिंदी शब्दलेखनाचा नियम शब्दांना लागतो, माणसाच्या नावाला लागलाच पाहिजे असे नाही.

तिसरी जागा क्रमाची. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर पुष्कळदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. मध्यप्रदेशात विद्यार्थ्याचे नाव आणि आडनाव एका ओळीत, आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. एकाच माणसाकडे दोन राज्यांची प्रमाणपत्रे असली की दोन प्रकारची नावे त्याच्या फायलीत तयार असतात. पत्रिकांचे ऑनलाइन अर्ज भरताना तो समोरच्या प्रमाणपत्रावरून नाव उतरवतो. इथेच सर्वांत विचित्र चूक होते. बहुतेक यंत्रणा इंग्रजी नावातला शेवटचा शब्द आडनाव मानतात. आडनाव आधी लिहिले, तर वडिलांचे नाव आडनाव ठरते.

हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा देवासच्या एक प्राध्यापिका आहेत, सुनीता माधव काळे. शाळा-कॉलेज देवास-उज्जैनला, एम.ए. पुण्याला. त्यांचे सात निबंध इंग्रजी नावासह सूचीत आले आहेत. तीन निबंधांवर S. M. Kale आहे, आणि त्यांचे उल्लेख आहेत ६, ४ आणि ३. दोन निबंधांवर मध्यप्रदेशच्या पद्धतीने Sunita Kale आहे, उल्लेख ५ आणि ४. उरलेल्या दोन निबंधांच्या अर्जात बाईंनी पुण्याच्या गुणपत्रिकेप्रमाणे Kale Sunita Madhav असे भरले. सूचीने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि लेखक झाला K. S. Madhav. त्या दोन निबंधांचे उल्लेख ४ आणि १.

आता मोजू या. पहिल्या नावाखाली १३ उल्लेख, दुसऱ्याखाली ९, तिसऱ्याखाली ५. कोणी S. M. Kale शोधले तर त्याला बाईंच्या निम्म्याहून कमी कामाची माहिती मिळेल. सगळे एकत्र केले की एकूण २७. एच-निर्देशांक नावाचे जे माप आज सगळीकडे विचारतात, त्याचा अर्थ असा : एच म्हणजे अशी सर्वांत मोठी संख्या, की तितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितके उल्लेख आहेत. पहिल्या नावाचा एच ३ येतो, दुसऱ्याचा २, तिसऱ्याचा १. सातही निबंध उतरत्या क्रमाने मांडले तर ६, ५, ४, ४, ४, ३, १. चौथ्या निबंधाला ४ उल्लेख आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून एच ४. हा आकडा तीन नावांच्या एचांची बेरीज करून मिळत नाही. निबंध खरोखर एका खात्यात आले तरच तो दिसतो. आणि K. S. Madhav या नावाखालचे निबंध बाईंना कोणी दाखवल्याशिवाय सापडणारही नाहीत, कारण त्या स्वतःचे नाव शोधताना Kale असेच टाकणार.

म्हणून तपासणी नावाने करू नये, शीर्षकाने करावी. आपल्या प्रत्येक निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधावे आणि शीर्षकाखालच्या ओळीत लेखकाचे नाव कसे आले आहे ते पाहावे. तीस निबंध असले तर एका दुपारचे काम आहे. कागदावर दोन रकाने करावेत : निबंध, आणि त्यावर सूचीत दिसणारे नाव. दुसरा रकाना वाचला की आपण किती माणसांत वाटले गेलो आहोत ते कळते.

त्यानंतर एक रूप निवडायचे. सुंदर रूप निवडण्याचा मोह टाळावा. ज्या रूपाखाली सर्वांत जास्त आणि सर्वांत जास्त उल्लेखलेले काम आधीच आहे, ते सहसा ठेवावे, म्हणजे दुरुस्ती कमी लागते. जे नवीन सुरुवात करत आहेत त्यांनी पूर्ण पहिले नाव, मधले आद्याक्षर, आडनाव, असे ठेवावे. उदाहरणार्थ Sunita M. Kale. देवनागरीतही एकच रूप ठरवावे : सुनीता मा. काळे. इंग्रजीत जे मधले अक्षर आहे तेच मराठीत, आणि मराठी-हिंदीत ळ सारखाच.

विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या भगिनींचा प्रश्न इथे येतो. निबंधावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळलेच पाहिजे असा नियम नाही. पुष्कळ लेखिका विवाहापूर्वीच्या नावानेच लिहीत राहतात आणि ते पूर्णपणे रास्त आहे. नाव बदलायचेच असेल तर दोन्ही आडनावे काही वर्षे एकत्र लिहावीत, म्हणजे वाचणाऱ्याला दुवा दिसतो. मात्र पदोन्नतीच्या वेळी कागदपत्रांवरचे नाव आणि निबंधावरचे नाव वेगळे असेल, तर दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र लागू शकते. ते आधीच करून ठेवावे.

रूप ठरले की ऑर्किड क्रमांक घ्यावा. ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली आणि लेखकासाठी मोफत आहे. क्रमांक सोळा अंकांचा, चार-चारच्या चार गटांत असतो, आणि शेवटच्या जागी अंकाऐवजी X येऊ शकतो. ऑर्किडनेच नमुन्यासाठी एका काल्पनिक लेखकाचा क्रमांक ठेवला आहे, तो असा दिसतो :

```
https://orcid.org/0000-0002-1825-0097
```

ऑर्किडच्या पानावर छापावयाचे नाव एका रकान्यात भरायचे असते, आणि Also known as या रकान्यात इतर सगळी रूपे भरायची असतात. आपल्या काळे बाईंनी तिथे S. M. Kale, Kale Sunita Madhav, सुनीता काले, सु. मा. काळे हे सगळे भरावे. देवनागरीत लिहिलेले चालते. निबंध पाठवताना पत्रिकेच्या अर्जात हा क्रमांक दिला आणि पत्रिकेकडे डीओआय असेल, तर पुढे निबंधाची नोंद आपोआप त्या क्रमांकाशी जोडली जाऊ शकते. मग नाव कसेही छापले गेले तरी दुवा सुटत नाही. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ऑर्किड उल्लेख मोजत नाही. तो फक्त ही सगळी कामे या एका व्यक्तीची आहेत एवढे सांगतो. मोजणी सूचीत होते, आणि ती दुरुस्त करण्याचे काम वेगळे आहे.

गूगल स्कॉलरवर ती दुरुस्ती लेखकाच्या हातात असते. आपले खाते उघडून Add articles मध्ये शीर्षकाने शोधावे आणि K. S. Madhav च्या नावाखालचे निबंधही आपल्या खात्यात घ्यावेत. तिथे नाव जुळलेच पाहिजे असे बंधन नाही. एकच निबंध दोन नोंदींत आला असेल, म्हणजे एकदा मराठी शीर्षकाने आणि एकदा इंग्रजी शीर्षकाने, तर दोन्हींवर खूण करून Merge दाबावे. उल्लेख एका नोंदीखाली येतात. कधी अशा आकड्याशेजारी * ही खूण दिसते. तिचा अर्थ एवढाच, की त्यातले काही उल्लेख नाव-शीर्षकात थोड्या वेगळ्या नोंदीकडे जातात. घाबरण्याचे कारण नाही, पण ती यादी उघडून एकदा पाहावी. दोन वेगळे निबंध एकत्र करू नयेत. त्याने आकडा फुगतो आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसते.

याच खात्यात एक धोका आहे. नवीन निबंध आपोआप जोडण्याची सोय चालू ठेवली, आणि नाव S. Joshi सारखे असले, तर मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या खात्यात रसायनशास्त्राचे आणि वैद्यकाचे निबंध येऊन बसतात. उल्लेखसंख्या अचानक वाढली तर आनंदित होण्याआधी यादी वाचावी. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर दिसणे ही मुलाखतीत फार अवघड गोष्ट ठरते. म्हणून बदल आधी आपल्याला ईमेलने कळवण्याची सोय निवडावी आणि स्वतः पाहून मान्यता द्यावी.

स्कोपसवर लेखकाला स्वतः बदल करता येत नाही, विनंती करावी लागते. लेखक-शोधात आपली दोन-तीन खाती सापडली की ती निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवायची. विनंती तपासली जाते, म्हणून काही दिवस ते काही आठवडे जातात. पैसे लागत नाहीत. भारतातल्या प्राध्यापकांसाठी इन्फ्लिबनेटचे विद्वान हे पोर्टल आहे. तिथेही ठरवलेलेच रूप भरावे आणि ऑर्किड क्रमांक जोडावा. प्रबंध शोधगंगेवर चढवण्यापूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायच्या अर्जात नाव त्याच रूपात लिहावे, कारण एकदा चढलेली नोंद बदलणे लेखकाच्या हातात नसते.

हे सगळे केले तरी काय साधणार नाही, तेही सांगायला हवे. मराठी आणि हिंदी पत्रिकांतले बरेच लेखन स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये येतच नाही. नाव कितीही नेटके असले तरी तिथे नसलेल्या निबंधाचे उल्लेख तिथे मोजले जाणार नाहीत. गूगल स्कॉलरलाही जो अंक केवळ छापील आहे, इंटरनेटवर कुठेच नाही, तो वाचता येत नाही. आणि संदर्भसूचीत आपल्यावर लिहिणाऱ्यानेच नाव चुकवले तर ती चूक त्याच्या छापील पानावर राहणारच. म्हणून शेवटची गोष्ट आपण आपल्या परीने करू शकतो, ती म्हणजे दुसऱ्याचा संदर्भ देताना त्याचे नाव त्याने छापले आहे तसेच उतरवणे. त्याचा ळ ल करू नये, त्याचे मधले आद्याक्षर गाळू नये, आणि वि. श्री. च्या जागी नुसते वाकणकर लिहून थांबू नये.

ज्यांचे निबंध या महिन्यात कुठे जाणार आहेत, त्यांनी पाठवण्याआधी अर्जातला आडनावाचा रकाना एकदा पाहावा. त्यात वडिलांचे नाव तर नाही ना, एवढे पाहिले तरी आजच्या बोलण्याचा पहिला उपयोग झाला असे मी समजेन.